फी संपल्यानंतरचे दोन महिने

"ताई, पैसे पुरतात गं. पण ठेव दरवर्षी मोडते."

माझी मावसबहीण हे म्हणाली, तेव्हा मला आधी वाटलं की हिशेब कुठेतरी चुकतोय. पैसे पुरत असतील तर ठेव मोडायचं कारण काय? आणि ठेव मोडत असेल तर पैसे पुरतात कसे? आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेल्यामुळे मला असं कोडं दिसलं की हात शिवशिवतात. एका दुपारी तिच्या घरी बसून आम्ही वर्षाच्या सगळ्या पावत्या काढल्या. तिची दोन्ही वाक्यं खरी निघाली.

आकडे तिचे आहेत, म्हणून ते जसेच्या तसे देत नाही. तिच्या घरात महिन्याला जे येतं ते १०० धरू. त्यातले २० पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बचतीत जातात. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि शाळेची फी मिळून ६८. उरले १२. शाळेबाहेरचं जे काही, म्हणजे थोरलीचा क्लास, धाकट्याची शिकवणी, तिचं गाणं, त्याचा फुटबॉल, ते या १२ मधून चालवायचं. वर्षाचे झाले १४४.

मग खर्च मांडला. थोरलीच्या क्लासची फी ४४, दोन हप्त्यांत. धाकट्याची शिकवणी दहा महिने, महिना २ प्रमाणे २०. गाणं तीन महिन्यांनी ३, म्हणजे वर्षाला १२. फुटबॉल वर्षाचा एकरकमी १०. बेरीज ८६. मावसबहिणीच्या डोक्यात हाच आकडा होता, कारण माहितीपत्रकावर छापलेला तेवढाच असतो.

न छापलेला आकडा पावत्यांच्या ढिगातून वर आला. क्लासचं प्रवेशशुल्क ४. पुस्तकं आणि सराव परीक्षांचा संच ५. गाण्याच्या परीक्षेची फी २. फुटबॉलचे बूट, गणवेश वगैरे ४. फुटबॉलच्या स्पर्धांची नोंदणी ३. ने-आण दर महिन्याला १, दहा महिन्यांचे १०. हे झाले २८. छापील फीच्या जवळजवळ एक तृतीयांश! माझा अनुभव असा की जोडखर्च कुठल्याच घरात कोणी धरत नाही, कारण प्रत्येक रक्कम सुटी पाहिली तर किरकोळ असते. बूट काय, एकदाच घ्यायचे. तसे ते एकदाच घेतले जातात, पण दर वर्षी एकदाच, कारण पायही वाढतात.

तर एकूण ११४. हाताशी १४४. म्हणजे जोडखर्च धरूनही पैसे पुरतात, आणि वर ३० उरायला हवेत. बहिणीचं पहिलं वाक्य बरोबर.

आता दुसरं वाक्य. याच ११४ ना बारा महिन्यांच्या रकान्यांत टाकलं आणि चित्र पालटलं. शाळेच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात क्लासचं प्रवेशशुल्क, २४ चा पहिला हप्ता, पुस्तकं, फुटबॉलची फी, बूट, गाण्याचे पहिले तीन महिने, शिकवणी आणि ने-आण, असे सगळे मिळून ५३ एकाच महिन्यात येतात. हाताशी १२. तूट ४१. सातव्या महिन्यात क्लासचा २० चा दुसरा हप्ता आणि बाकीचं धरून २६, तिथे तूट १४. उरलेल्या दहा महिन्यांत मात्र खर्च कधी ३, कधी ५-६, आणि शेवटच्या दोन महिन्यांत शून्य.

तूट असलेल्या दोन महिन्यांत ४१ आणि १४, मिळून ५५, बचतीतून निघतात. उरलेल्या दहा महिन्यांत १२ पैकी जे वाचतं ते घरखर्चात विरघळून जातं. त्याची बेरीज केली तर ८५ निघते. कुठे गेले ८५? कोणालाच सांगता येत नाही, आणि कोणी उधळपट्टी केली असंही नाही. खात्यात पैसे दिसतात, म्हणून ते खर्च होतात. वर्षाची बचत २४० व्हायची ती १८५ वर येते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याजदर सहसा खाली येतो, वर काही ठिकाणी दंडही बसतो, पण तो त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की "पुढच्या दोन महिन्यांत परत भरू" म्हणून काढलेले ५५ परत कधीच भरले जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ५५ निघतात.

म्हणजे बचतीला कात्री लागत होती ती फी परवडत नव्हती म्हणून नव्हे, फी एकदम येत होती म्हणून. अशा घराला "एखादा क्लास बंद करा" हा सल्ला देणं म्हणजे भलत्याच दुखण्यावर औषध देणं. धाकट्याचा फुटबॉल बंद केला असता तरी पहिल्या महिन्यात ३९ लागलेच असते.

उपाय नवा नाही. वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या खर्चासाठी दर महिन्याला सारखी रक्कम बाजूला काढत राहायची. विम्याच्या हप्त्यासाठी पुष्कळ घरांत हे होतं, मुलांच्या क्लाससाठी क्वचित. बहिणीने बँकेत वेगळं खातं उघडलं आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी बचतीचे २० निघतात तसेच त्या खात्यात १२ जातील अशी सोय केली. मुलांची प्रत्येक फी, महिन्याची शिकवणीसुद्धा, याच खात्यातून भरायची. इथे बरेच जण शहाणपणा करतात आणि ११४ ला १२ ने भागून साडेनऊच टाकतात. तेवढ्यात हे एक वर्ष भागतं, पण मुलं पुढच्या वर्षी पुढच्या वर्गात जातात आणि त्या वर्गाची फी वेगळी असते. त्यावर पुढे येतेच.

खरी अडचण सुरुवातीची. खातं पहिल्याच महिन्यात उघडलं तर त्यात १२ असतात आणि दारात ५३ उभे असतात. बारा महिन्यांची सरासरी पहिल्या महिन्याच्या उपयोगाची नाही. म्हणून या खात्यात आधीच काही शिल्लक लागते, आणि ती कुठून आणायची या प्रश्नावर बहुतेकांचा बेत मोडतो.

मी तिला म्हटलं, रकाने उलटीकडून बघ. वर्षाचे शेवटचे चार महिने: नवव्यात ५, दहाव्यात ६, अकरावा आणि बारावा शून्य. फीच्या दृष्टीने याहून शांत काळ वर्षात नाही, आणि म्हणूनच घरात सर्वांत सैल खर्चही तेव्हाच होतो. यंदाची फी संपली, जरा मोकळं वाटतंय, तर ते राहिलेलं सामान घेऊन टाकू. खातं नवव्या महिन्यात उघडलं तर चार महिन्यांचे ४८ जमतात, त्यातून ११ जातात, नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ३७ हातात राहतात. पहिल्या महिन्याचे १२ मिळवले की ४९. देणं ५३. कमी पडले फक्त ४.

चारची सोय करायला ठेव मोडावी लागत नाही. तिने क्लासच्या खिडकीवर विचारलं की २४ चा हप्ता १६ आणि ८ असा दोन महिन्यांत देता येईल का. समोरच्या बाईंनी आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि हो म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर बूट महिनाभर उशिरा घ्यायचे असं ठरलं होतं. नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी असं काही मागितलं तर मिळण्याची शक्यता बरी असते. क्लासला तेव्हा जागा भरायच्या असतात. वर्ग सुरू होऊन महिना झाला की तीच खिडकी कडक होते.

त्याच खिडकीवर तिला दुसरंही एक ऐकायला मिळालं. "मॅडम, सगळी फी आत्ताच भरलीत तर पाच टक्के सूट. उद्यापर्यंतच आहे." तिने मला फोन केला. मला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

४४ वर पाच टक्के म्हणजे २.२. आत्ता ४१.८ भरायचे, किंवा आत्ता २४ आणि सहा महिन्यांनी २०. म्हणजे आज १७.८ जास्त दिले की सहा महिन्यांनी द्यायचे २० वाचतात. सहा महिन्यांत सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास फायदा. एवढं व्याज कुठलीही ठेव देत नाही, आणि नुसतं इथवर पाहिलं तर ठेव मोडून फी भरावी असंच कोणीही म्हणेल. पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: मुलगी सहा महिन्यांनीही त्याच क्लासला जात असेल. ती मध्येच सोडून आली आणि भरलेली फी परत मिळत नसेल, तर १७.८ गेले. राहिली तर २.२ ची कमाई, सोडलं तर १७.८ चं नुकसान. दोन्ही पारडी सारखी होतात ती सोडण्याची शक्यता ११ टक्के असताना, म्हणजे नवात एक. त्याहून जास्त शंका असेल तर सूट घेऊ नये.

नव्या क्लासबद्दल नवात एक इतकी शंका कुठल्या पालकाला नसते? शिकवणं जमत नाही, वेळ शाळेशी जुळत नाही, शिकवणारे बदलतात, मैत्रीण दुसरीकडे जाते. म्हणून माझं मत असं की पहिल्या वर्षी हप्तेच बरे. दुसऱ्या वर्षी, मुलगी रुळलेली असेल आणि फीच्या खात्यात तेवढी रक्कम असेल, तर सूट खुशाल घ्यावी. ही रक्कम बचतीतून मात्र आणू नये. आणि पैसे देण्यापूर्वी फी परत करण्याचा नियम लेखी वाचावा. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तो बहुतेक वेळा असतो. किती दिवसांत, किती टक्के, प्रवेशशुल्क धरून की सोडून, एवढं बघितलं तरी पुरे.

"बिनव्याजी मासिक हप्ते" हा आणखी एक प्रकार दिसतो. त्यात हप्ता नेमका कोण घेतो ते विचारावं. क्लासच घेत असेल तर ठीक. पण मध्ये कर्ज देणारी कंपनी असेल तर क्लासला पैसे आधीच मिळून गेलेले असतात आणि कर्ज तुमच्या नावावर असतं. मुलाने क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. शिवाय फीवरची सूट अशा योजनेत सहसा मिळत नाही, म्हणजे व्याज दिसत नसलं तरी हुकलेल्या सवलतीच्या रूपाने दिलं जाऊ शकतं.

आता त्या १२ आणि साडेनऊकडे. खात्यात ११४ च्या जागी १४४ जात राहिले तर वर्षाअखेरीस, सुरुवातीचे ३७ धरून, ६७ शिल्लक राहतात. तिचे यजमान हिशेबाला पक्के. ते म्हणाले, "एवढे नुसते पडून कशाला? बचतीतच टाकू ना." मी त्यांना पुढच्या तीन वर्षांचे रकाने आखून दाखवले. पुढच्या वर्षी अंदाजे १२०. त्यानंतर थोरली परीक्षेच्या वर्गात, तिच्या क्लासची फी जवळजवळ पावणेदोनपट, एकूण १५६, त्यातले ८० पहिल्याच महिन्यात. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. हे सगळे आकडे त्या-त्या वेळच्या मिळकतीला १०० धरून आहेत, म्हणजे पगारवाढ त्यात आलीच. फी पगारापेक्षा जोरात वाढली तर आकडे याहून वर जातील.

१५६ हे १४४ हून जास्त. त्या वर्षी महिना १३ लागतील, आणि पहिल्या महिन्यातला ८० चा डोंगर वेगळाच. पण आज टाकलेले १२ तसेच चालू राहिले तर खात्यात पहिल्या वर्षाअखेर ६७, दुसऱ्याच्या अखेरीस ९१. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात ९१ अधिक १२ वजा ८०, म्हणजे २३ उरतात. वर्षअखेर ७९. चौथ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात ११ उरतात. खातं तळाला टेकत नाही आणि बचतीचे २० चारही वर्षं सुखरूप राहतात. ते ६७ पडून नव्हतेच. ते तिसऱ्या वर्षाच्या क्लासचे होते, फक्त लवकर आले होते. बचतीत टाकले असते तर बचत फुगलेली दिसली असती आणि दोन वर्षांनी "ठेव मोडली" म्हणून पुन्हा हळहळ झाली असती. यजमान काही बोलले नाहीत, पण कागद घडी करून खिशात ठेवला त्यांनी.

हे पैसे ठेवायचे कुठे, तर साध्या बचत खात्यात, किंवा फीच्या महिन्याआधी संपणाऱ्या छोट्या मुदतीत. बाजाराबरोबर चढउतार होणाऱ्या कशातही नाही. देण्याची तारीख ठरलेली असताना त्या दिवशी बाजार कसा असेल यावर मुलीचा प्रवेश ठेवण्यात अर्थ नाही. आणि दुखण्याखुपण्यासाठी, नोकरी गेली तर म्हणून ठेवलेली रक्कम ती ही नव्हे. ती वेगळी.

बेत बिघडतोय हे कळतं कसं? प्रत्येक महिन्याच्या अखेरीस किती शिल्लक असायला हवी ते आम्ही पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. पहिल्या महिन्यानंतर ४, दुसऱ्यानंतर ५, तिसऱ्यानंतर १४. सातव्या महिन्याचा मोठा हप्ता देऊनही २१. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिने खातं पाहिलं तर १४ च्या जागी ९ होते. लगेच घाबरायचं नाही, आधी बघायचं की कमी पडलेले पाच कुठल्या जातीचे आहेत. तीन निघाले स्पर्धेच्या नोंदणीचे. ते सहाव्या महिन्यात धरलेले होते, आयोजकांनी लवकर मागितले. ती नुसती तारखेची सरकवासरकव, सहाव्या महिन्यात आपोआप भरून निघाली. उरलेले दोन मात्र नवे होते, क्लासने जादा सराव परीक्षा घेतल्या त्यांचे. असा खर्च यादीत कायमचा लिहायचा, कारण पुढच्या वर्षी तो येणार, आणि बहुधा मोठा होऊन येणार. तफावत एका महिन्याच्या हप्त्याहून, म्हणजे १२ हून, जास्त झाली तर समजावं की यादीतून एखादी अख्खी बाब सुटली आहे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. ही सगळी पद्धत चालते ती वर्षाची बेरीज हाताशी असलेल्या रकमेत बसते तिथेच. बेरीजच १७० असेल आणि हाताशी १४४, तर वेगळं खातं उघडून २६ निर्माण होत नाहीत. तिथे काहीतरी सोडावंच लागतं, आणि सोडायची वेळ म्हणजे तेच शेवटचे दोन शांत महिने, नूतनीकरणाच्या आधी. वर्षाच्या मध्ये सोडलं तर फी गेलेली असते. काय सोडायचं हे ठरवताना फीच्या आकड्याकडे बघून उपयोग होत नाही. मी फी, साहित्य आणि ने-आण यांची बेरीज करून तिला मूल प्रत्यक्ष गेलं तेवढ्या तासांनी भागते. स्वस्त वाटणारा छंदवर्ग निम्म्या दिवशी बुडत असेल तर तो महागड्या क्लासहून महाग पडतो. आणि घरात दोन मुलं असतील तर थोरलीच्या परीक्षेपायी धाकट्याचं सगळंच आपोआप कापलं जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावं लागतं. कारण तो तक्रार करत नाही, पण मोजत असतो.

गेल्या महिन्यात धाकट्याने गिटार मागितली. महिना दीड, बारा महिने, म्हणजे १८, आणि वाद्य ६. मावसबहिणीने या वेळी फोन केला नाही, स्वतःच रकाने आखले. पुढच्या वर्षी १४४ मध्ये गिटार नेमकी बसते. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात अडीच कमी पडतात, तेही निभावता येईल. चौथ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात मात्र साडेबत्तीस कमी पडतात, म्हणजे पुन्हा ठेव. फुटबॉलच्या जागी गिटार घेतली तर त्याच महिन्यात साडेपंधरा शिल्लक राहतात. तिने तो कागदच मुलासमोर ठेवला आणि दोन्हींतलं एक निवड म्हणाली. फुटबॉलचं वर्ष संपायला अजून वेळ आहे, तोवर विचार करतो म्हणाला. मध्यंतरी बूट लहान झालेत का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "आत्ता नको घेऊस."